शॉर्टफिल्म महोत्सवाला पाठवताना सोबतचा मेल कसा लिहावा?

प्रश्न: मी इचलकरंजीत माझी पहिली शॉर्टफिल्म केलीय, ‘जॉबरचा कान’, साधारण १५ मिनिटांची. राज्यातल्याच एका महोत्सवाला पाठवतोय. त्यांची मर्यादा १५ मिनिटांची आहे, अर्ज भरून सोबत मेल पाठवायचा आहे आणि मेल मराठीत चालेल असं त्यांनी कळवलंय. माझा मेल दीड पानाचा झालाय. कथासार किती मोठं हवं? ‘तांत्रिक तपशील’ म्हणजे नेमकं काय द्यायचं? मसुदा, अर्जाची प्रत आणि फिल्मची लिंक सोबत देतोय, जरा बघाल का?

उत्तर:

मसुदा वाचला, फिल्मही पाहिली. मेलबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. तुमच्या मेलमध्ये फिल्मची लांबी ‘सुमारे १५ मिनिटे’ आहे, अर्जात ‘१४ मिनिटे’ आहे आणि लिंक उघडली की खाली १४:३४ दिसतं. एकाच फिल्मच्या या तीन लांब्या आहेत. निवडीच्या टेबलावर बसून मी बरीच वर्षं प्रवेशिका नोंदवल्या आहेत. अशी प्रवेशिका आली की ती बाजूला ठेवावी लागते, चौकशीचा मेल पाठवावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत ती परीक्षकांकडे जात नाही.

तुमचा मेल परीक्षक वाचत नाहीत. तो वाचते समन्वयक, आणि तिच्यासमोर एक भलामोठा तक्ता उघडा असतो: नाव, प्रकार, भाषा, लांबी, लिंक, पासवर्ड, कथासार, दाखवण्याचं माध्यम, संपर्क. तुमच्या मेलमधून ती हे एकेक उचलून तक्त्यात भरते. पुढे परीक्षकांची यादी, वेळापत्रक, पुस्तिका हे सगळं त्या तक्त्यातूनच निघतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेल्या फिल्म महोत्सवात दाखवण्यासाठी आयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागतात, त्या अर्जाला जोडलेली फिल्मची माहितीही तिथूनच जाते. म्हणून या मेलकडे नोंदीचा कागद म्हणून बघा. फिल्म का केली, आजोबा यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर होते, शूटिंगला किती रात्री जागलात, हे सगळं तुम्ही मनापासून लिहिलंय आणि ते वाया जायला नको. पण त्याची जागा अर्जातल्या ‘दिग्दर्शकाचे मनोगत’ या रकान्यात आहे.

आता लांबी नीट काढू. तुमच्या लिंकवरच्या फाइलला सुरुवातीला दहा सेकंदांच्या रंगपट्ट्या आणि तो ‘टूं’ आवाज आहे. ते लॅबसाठी असतं, फिल्मचा भाग नसतं. ते वगळलं की १४ मिनिटं २४ सेकंद उरतात, आणि तीच तुमची लांबी. सुरुवातीचं शीर्षक आणि शेवटची श्रेयनामावली त्यात धरायचीच असते. श्रेयनामावली सोडून लांबी सांगायची चूक नवे लोक हमखास करतात, विशेषतः फिल्म मर्यादेच्या काठावर असेल तेव्हा. १५ मिनिटांची मर्यादा म्हणजे पडद्यावर पहिलं चित्र उमटल्यापासून शेवटचं नाव जाईपर्यंत १५ मिनिटं. तुम्ही त्यात सहज बसता, तेव्हा ‘सुमारे १५’ लिहून उगाच शंकेला वाव देऊ नका.

सेकंदांपर्यंत कशाला, असं वाटेल. वेळापत्रक लावणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्याकडे ९० मिनिटांचा एक खेळ आहे आणि ‘सुमारे १५’ मिनिटांच्या सहा फिल्म आहेत. सहा पंधरं नव्वद, मग दिग्दर्शकांशी गप्पांना वेळच उरत नाही, म्हणून तो एक फिल्म काढतो. त्या सहाही फिल्म प्रत्यक्षात १४:२४ च्या असतील तर तीन मिनिटं ३६ सेकंद मोकळे मिळतात आणि कदाचित कुणालाच काढावं लागत नाही. म्हणून तीनही ठिकाणी, म्हणजे मेलमध्ये, अर्जात आणि लिंकवर, १४ मिनिटे २४ सेकंदच दिसू दे. लिंकवरची फाइल रंगपट्ट्या काढून पुन्हा चढवा.

लांबीशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. तुमच्या मसुद्यात ती कुठेच नाही. हा आकडा मी कधीच गाळत नाही, कारण एकदा त्यात मार खाल्लाय. माझी एक फिल्म १८ मिनिटांची होती, २४ फ्रेमवर संकलित केलेली. निवड झाल्यावर आम्ही पाठवलेली फाइल चुकीच्या सेटिंगने २५ फ्रेमवर निघाली होती. तीच चित्रं सेकंदाला २४ ऐवजी २५ च्या वेगाने धावली, फिल्म १७ मिनिटं १७ सेकंदांत संपली, आणि जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईंचा भरदार आवाज पातळ, किंचित चिरका झाला. सभागृहात कुणाला काही खटकलं नाही, मला मात्र तो आवाज अजून ऐकू येतो. मेलमध्ये ‘१८ मिनिटे, २४ फ्रेम’ एवढं लिहिलं असतं तर प्रक्षेपण करणाऱ्याने फाइल तपासताना तफावत पकडून मला फोन केला असता. तुमच्या फिल्मच्या बाबतीत हिशेब असा: १४:२४ म्हणजे ८६४ सेकंद, २४ ने गुणलं की २०,७३६ फ्रेम. त्याच फ्रेम २५ च्या वेगाने गेल्या तर १३ मिनिटं ४९ सेकंद. तुमची अख्खी फिल्म यंत्रमागाच्या आवाजावर उभी आहे. त्याचा सूर असा वर सरकलेला तुम्हाला चालणार नाही. शंका असेल तर २०,७३६ हा एकूण फ्रेमचा आकडाही जवळ ठेवा. वेग बदलला तरी तो बदलत नाही.

हे आकडे आठवणीतून किंवा एडिटरला फोन करून भरू नका. MediaInfo नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. जी फाइल पाठवणार आहात तीच त्यात उघडा. Duration, Frame rate, Width, Height, Channel(s) या पाच ओळी बघायच्या आणि तशाच उतरवायच्या. Frame rate समोर 23.976 दिसलं तर तेच लिहा, २४ करू नका. लांबीत फरक एका सेकंदाचाही पडत नाही, पण चित्रपटगृहासाठी डीसीपी हे पॅकेज करणाऱ्याला तो माहीत असावा लागतो.

‘तांत्रिक तपशील’ या शब्दाने बहुतेकांची दिशाभूल होते. तुम्हीही कॅमेऱ्याचं मॉडेल, तीन लेन्स आणि ड्रोनचं नाव दिलंय. महोत्सवाला फिल्म कशावर चित्रित केली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना ती सभागृहात कशी दाखवायची हे कळायला हवं. तुम्ही ४के मध्ये चित्रित केलंय, पण तयार फिल्म 1920×1080 ची आहे. मग लिहायचं 1920×1080. पडद्याचं गुणोत्तर १६:९. आवाज दोन चॅनलचा आहे, तर ‘स्टीरिओ’ लिहा. मसुद्यात ५.१ लिहिलंय, बहुधा तसं लिहायची पद्धत आहे असं वाटून. तसं करू नका. प्रक्षेपण करणारा मधल्या स्पीकरमधून संवाद येतील म्हणून बसतो, ते येत नाहीत, आणि शेवटच्या क्षणी धावपळ होते. आवाज हाच तुमच्या फिल्मचा विषय असल्यामुळे पुढे खरंच ५.१ मिश्रण करून घेता आलं तर करा, आणि झाल्यावर तसं कळवा.

डीसीपीचंही तेच. डीसीपी म्हणजे चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चढवायचं फिल्मचं पॅकेज. ते तयार नसेल तर ‘उपलब्ध’ लिहायचं नाही. ‘निवड झाल्यास दोन आठवड्यांत देता येईल’ हे पूर्ण मान्य होणारं वाक्य आहे. निवड होण्याआधी डीसीपीवर खर्च करण्याची अपेक्षा सहसा कुणी ठेवत नाही. तोवर दाखवण्याजोगी फाइल म्हणून प्रोरेस ४२२ एचक्यू सांगा. तुमच्या लांबीला ती १९ जीबीच्या आसपास होईल. पुढे डीसीपी करताना १६:९ ची चौकट १.८५ च्या 1998×1080 चौकटीत बसवतात आणि दोन्ही बाजूंना ३९-३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. ती चूक नव्हे, पण लॅबने पट्ट्या टाळायला चित्र मोठं केलं तर वरखाली थोडं कापलं जाईल. तुमची सबटायटल अगदी तळाला आहेत, तेव्हा ते आधीच सांगून ठेवा.

आता कथासार. तुमचं असं आहे: ‘एका सामान्य माणसाच्या असामान्य संघर्षाची ही कहाणी नियती, नाती आणि काळ यांच्यावर भाष्य करते आणि प्रेक्षकाला अंतर्मुख करते.’ यात इचलकरंजी नाही, माग नाही, कान नाही. हे वाक्य त्याच तक्त्यातल्या इतर कितीतरी फिल्मना लागू पडेल. आणि प्रेक्षक अंतर्मुख होईल की नाही, हे आपण ठरवायचं नसतं. तुमच्या फिल्ममध्ये जे पडद्यावर दिसतं ते इतकं नेमकं आहे की फक्त तेवढंच सांगितलं तरी पुरे. मी असं लिहीन:

‘इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात बापू तीस वर्षं जॉबर आहेत. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे. आता त्यांना ऐकू येईनासं झालंय. मालकाला कळू नये म्हणून ते मागावर तळवा ठेवून थरथरीवरून दोष ओळखू लागतात, आणि कांड्या भरणारी सुनंदा त्यांचा कान होते. मग एका रात्री कारखान्यात पहिला शटललेस माग येतो, आणि त्याची थरथर बापूंच्या हाताला ओळखीची नसते.’

पन्नास-साठ शब्द. माणूस कोण, कुठला, त्याला काय येतं, काय हातातून जातंय, तो काय युक्ती करतो, आणि ती युक्ती कुठे अडते. बस. वर्तमानकाळात लिहा, पात्रांना दोनच नावं द्या. मालक, सून, शेजारी यांची नावं दिली की वाचणारा गोंधळतो. शेवट सांगावा का? या छोट्या कथासारात नाही, कारण तेच पुढे पुस्तिकेत छापलं जातं. पण ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ असंही लिहायचं नाही. वळणापर्यंत यायचं आणि थांबायचं. अर्जात ‘सविस्तर कथा’ असा वेगळा रकाना असेल तर तिथे मात्र शेवट सरळ सांगा. परीक्षकांना फिल्म पाहिल्यानंतर ताळा करायला तो लागतो.

त्याखेरीज एक वाक्याचं कथासारही तयार ठेवा, वेळापत्रकाच्या पत्रकात तेवढीच जागा असते: ‘ऐकू येईनासं झालेला जॉबर मागाचा बिघाड हाताने ओळखायला शिकतो, आणि ते मालकापासून लपवतो.’ हे तुम्ही दिलं नाही तर कुणीतरी घाईत स्वतः लिहील, आणि त्यात ‘जॉबर’चा ‘कामगार’ होईल. तुमची फिल्म त्या एका शब्दात आहे. पुण्या-मुंबईतल्या वाचकाला जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती-जोडणी बघणारा कारागीर हे माहीत नसेल, पण वरच्या परिच्छेदात ते आपोआप कळतं, वेगळा खुलासा नको.

हे सगळं धरून मेल असा होतो. विषयाच्या ओळीतच फिल्म ओळखता यावी, कारण महिन्याभराने समन्वयक इनबॉक्समध्ये शोधेल तेव्हा ‘शॉर्टफिल्म पाठवत आहे’ या नावाचे शेकडो मेल निघतील.

विषय: प्रवेशिका – जॉबरचा कान – कथात्मक लघुपट – १४ मि. २४ से. – मराठी

मा. निवड समन्वयक,
सप्रेम नमस्कार.

‘जॉबरचा कान’ हा माझा पहिला लघुपट महोत्सवाच्या कथात्मक लघुपट विभागासाठी पाठवत आहे. अर्ज भरला आहे, त्याचा क्रमांक खाली दिला आहे.

पाहण्यासाठी लिंक: (लिंक)
पासवर्ड: (पासवर्ड)
लिंक महोत्सव संपेपर्यंत चालू राहील. इंग्रजी सबटायटल चित्रावरच आहेत.

लांबी: १४ मिनिटे २४ सेकंद, श्रेयनामावलीसह
भाषा: मराठी, काही संवाद हिंदीत
चित्र: रंगीत, 1920×1080, १६:९, सेकंदाला २४ फ्रेम
आवाज: स्टीरिओ
प्रदर्शनासाठी: प्रोरेस ४२२ एचक्यू फाइल तयार आहे. डीसीपी निवड झाल्यास दोन आठवड्यांत देता येईल.

कथासार: (वरचा परिच्छेद)

हा लघुपट याआधी कुठेही दाखवलेला नाही आणि इंटरनेटवर प्रसिद्ध केलेला नाही. पार्श्वसंगीत या लघुपटासाठीच केलेले असून त्याचे हक्क आमच्याकडे आहेत.

सोबत लघुपटातील दोन छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
(नाव), दिग्दर्शक व निर्माता
(मोबाइल क्रमांक)
प्रवेशिका क्र. (अर्जाचा क्रमांक)

एवढाच. फोनवर उघडला तरी दोनदा बोट फिरवून संपतो.

यातल्या ‘याआधी कुठेही दाखवलेला नाही’ या वाक्याकडे लक्ष द्या. तुमच्या मसुद्यात ‘वर्ल्ड प्रीमियर’ असा शब्द आहे, आणि त्याच मसुद्यात खाली तुम्ही गावातल्या नाट्यगृहात दीडशे जणांना फिल्म दाखवल्याचंही आनंदाने लिहिलंय. दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत. तो खेळ चित्रीकरणात मदत केलेल्या कामगारांसाठी, निमंत्रणावर, तिकीट न लावता झाला असेल तर बहुतेक ठिकाणी त्याला सार्वजनिक प्रदर्शन धरत नाहीत. पण ठरवायचं महोत्सवाने. माझं वाक्य तसंच न उतरवता असं लिहा: ‘चित्रीकरणात सहभागी कामगारांसाठी एक खासगी खेळ झाला आहे, त्याखेरीज लघुपट कुठेही दाखवलेला नाही.’ आणि यूट्यूबवर ट्रेलर आहे की अख्खी फिल्म, हे एकदा तपासा. कुणा मित्राने पूर्ण फिल्म ‘अनलिस्टेड’ न करता सरळ टाकलेली असते आणि दिग्दर्शकाला पत्ता नसतो, असं मी पाहिलंय.

लिंकबद्दल. तुम्ही ड्राइव्हची दिली आहे, आणि मी उघडली तेव्हा ‘परवानगी मागा’ असं पान आलं. तुम्ही दोन तासांत परवानगी दिलीत, पण रात्री अकराला दहा फिल्म पाहायला बसलेला परीक्षक दोन तास थांबणार नाही. तो पुढची फिल्म लावतो आणि तुमच्या नावापुढे ‘लिंक उघडत नाही’ अशी नोंद करतो. ड्राइव्हच वापरायचं असेल तर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ पाहता येईल असं सेटिंग करा. मी मात्र पासवर्ड लावलेली व्हिमिओची लिंक पसंत करते, कारण तिथे फिल्म लगेच सुरू होते. पाठवण्याआधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे तुमचं खातं उघडं नसताना, लिंक उघडून फिल्म शेवटपर्यंत चालवा. पासवर्डमध्ये शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल अशी एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं नकोत, कारण परीक्षकांच्या हातात पुष्कळदा छापील कागद असतो. काही दिवसांत आपोआप बंद होणाऱ्या फाइल-पाठवणीच्या लिंका इथे उपयोगाच्या नाहीत.

छायाचित्रं दोनच जोडा, आणि ती फिल्ममधली हवीत. तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे असलेला फोटो नंतर, निवड झाल्यावर मागतील. मागावर टेकलेला बापूंचा तळवा ही चौकट मी पहिली देईन. रंगसंस्कार झालेल्या फिल्ममधून ती पूर्ण 1920×1080 आकारात काढा. सबटायटल नसलेली काढा, नाहीतर छापताना खाली इंग्रजी वाक्य लटकतं. फाइलचं नाव असं ठेवा की ती मेलपासून वेगळी झाली तरी कुणाची ते कळेल:

```
JobarchaKaan_still_01.jpg
JobarchaKaan_still_02.jpg
```

जीमेलला जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे, पण तिथवर जाऊ नका. दोन छायाचित्रं मिळून पाच एमबीच्या आत सहज बसतात. पोस्टर, वर्तमानपत्रातली कात्रणं, संवादांची यादी हे मागितल्याशिवाय नको.

शेवटचं, पाठवल्यानंतरचं. चार दिवसांनी तुम्हाला एखादा कट आवडेनासा होईल आणि फिल्म दोन सेकंदांनी छोटी करावीशी वाटेल, असं जवळजवळ सगळ्यांचं होतं. अंतिम तारीख उलटायच्या आत असाल तर बदला. व्हिमिओवर त्याच लिंकवर फाइल बदलता येते, त्यामुळे समन्वयकाच्या तक्त्यातली लिंक तशीच चालते. पण लांबी बदलली असेल तर नवा मेल काढू नका. त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ पाठवा: ‘लांबी आता १४ मिनिटे २२ सेकंद, लिंक व पासवर्ड तेच.’ अर्जातही दुरुस्ती करा. आणि अंतिम तारीख उलटली असेल तर त्या लिंकला हातही लावू नका, कारण एका परीक्षकाने जुनी फिल्म पाहिलेली असेल आणि दुसरा नवी पाहील.